बारा वर्षांत आठपट

नातवंडांनो, तुमचे बाबा देश सोडून का गेले, असं थोरलीने परवा फोनवर विचारलं. मी म्हणाले, चांगली नोकरी मिळाली म्हणून. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. फोनवर पुरं सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांची निम्मी नोकरी उर्दूत झाली. पोलीस ॲक्शननंतर संस्थान भारतात आलं, कचेरीची भाषा बदलली आणि त्यांना चाळिशीत पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. ते हाल माझे होऊ नयेत म्हणून त्यांनी मला छावणीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. त्या इंग्रजीवर मला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात नोकरी मिळाली आणि तिथेच मी सव्वीस वर्षं काढली.

मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराचा एक कागद तयार करणं हे माझं काम होतं. पहिला पगार, आताचा पगार, मधली वर्षं, आणि त्यावरून चक्रवाढीने दरसाल किती टक्के वाढ पडली तो दर. चार वर्षांत पगार दुप्पट झाला तर लोक शंभराला चाराने भागतात आणि पंचवीस टक्के सांगतात. पण दर वर्षाची वाढ आधीच्या वाढलेल्या पगारावर बसते. खरंच दरसाल पंचवीस टक्के वाढला असता, तर पगार चार वर्षांत जवळजवळ अडीचपट झाला असता. दुपटीचा खरा दर एकोणिसाच्या आसपास असतो. आमचे साहेब तो आकडा सगळ्यात आधी पाहत. दहाच्या खाली असला की "थंड माणूस आहे" म्हणून कागद बाजूला ठेवत. पुढे पुढे असे कागद मीच आधी बाजूला काढून बाकीचे तेवढे त्यांच्यापुढे नेत असे.

तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. थोरली चार वर्षांची होती, धाकटा रांगत होता. एका रविवारी सकाळी तुमचे बाबा स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर ओट्यावर एक फॉर्म ठेवला. परदेशातल्या कंपनीचा होता. पहिल्या नोकरीपासूनचे सगळे पगार, रुजू झाल्याचे आणि सोडल्याचे महिने, शेवटच्या रकान्यात सोडण्याचं कारण.

"आई, तू एकदा तपास. तुझं पर्सोनेल खातं अजून रिटायर झालेलं नाही."

"आणि इथलं काय वाईट चाललंय?"

"वाईट नाही गं. पण मी पुढं सरकलोच नाही. माझ्या बरोबरचे बघ कुठं गेले."

मला ते जायला नकोच होते. आजोबा गेल्यावर धाकटा आला आणि घरात पुन्हा पाच माणसं झाली होती, आणि आता त्यांतली मी एकटी उरणार होते. पण रडून अडवणं मला जमत नाही. मी चष्मा आणि कॅल्क्युलेटर आणला. म्हटलं, याला आकड्यांनीच थांबवते.

पहिला पगार तीन हजार, इथेच वाळूजला. आताचा चोवीस हजार, पुन्हा वाळूजलाच, चौथ्या नोकरीत. बारा वर्षांत आठपट. आठपट म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे दर चार वर्षांनी एकदा. दोनाचं वर्गमूळ, त्याचं पुन्हा वर्गमूळ. दोनदा एकच बटण दाबलं आणि यंत्र त्यांच्यापुढे धरलं.

"दरसाल एकोणीस टक्के! आमच्या साहेबांनी तुला मुलाखतीशिवाय घेतलं असतं. आणि तू म्हणतोस सरकलो नाही?"

"आई, तू फक्त दोन टोकं बघितलीस," ते हसून म्हणाले. "मधलं बघ की."

मी मधलं पाहिलं. पुण्याची नोकरी सोडताना पगार बारा हजार. इथे परत आले तेव्हाचा, तिसऱ्या नोकरीतला, दहा हजार.

"इथं चुकलास बघ. दहा नव्हे, पंधरा. पुण्यापेक्षा जास्त देतात म्हणून तर तू आलास."

सूनबाई पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले.

"अरे बोल ना."

"दहाच होते, आई. पंधरा व्हायला सहा वर्षं लागली."

तिसरी नोकरी त्यांनी धरली त्याच महिन्यात आजोबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा, सकाळी. बाबांनी आम्हाला सांगितलं होतं की पुण्याचं पाणी मानवत नाही, इथली कंपनी पगारही जास्त देते, आणि नशीब म्हणजे कायमची दुपारची पाळी आहे. आजोबा दवाखान्यात शेजारच्या पेशंटला सांगत, "लई नशीबवान आहे पोरगं. पाळीसुद्धा सोयीची मिळाली." ती पाळी मिळालेली नव्हती. दोन हजार कमी घेऊन मागून घेतलेली होती. मधेच मोटारसायकल विकली, तेव्हा म्हणाले होते, बसने गेलं की झोप होते. आणि जिने सव्वीस वर्षं लोकांचे पगार तपासले, त्या मी घरात एकदाही विचारलं नव्हतं की पगाराची पावती दाखव.

मी कॅल्क्युलेटर पुन्हा ओढला. ते म्हणाले, "राहू दे ना आई." पण मला ते न मांडता राहवेना. पहिली पाच वर्षं तीन हजारांचे बारा, म्हणजे दरसाल बत्तीस टक्के. पुढची सहा वर्षं बाराचे पंधरा. चार टक्क्यांनी करून पाहिलं तर उत्तर पंधराच्या वर जात होतं, म्हणजे चारही नाही. तेवढ्या काळात नुसती दुधाची पिशवी त्याहून जास्त महाग झाली. आणि शेवटचं एक वर्ष, पंधराचे चोवीस: साठ टक्के.

ते शेवटचं वर्ष म्हणजे आजोबा गेल्यानंतरचं.

आम्ही तिघंही त्या कागदाकडे पाहत होतो. एकोणीस टक्क्यांच्या पोटात ती सहा वर्षं कशी दडून बसली होती! "थंड" म्हणून असे किती कागद मी बाजूला काढले असतील, आणि त्यातल्या कुणाच्या घरी कोण पडून होतं, हे मी कधी विचारलं नाही.

"यांना ठाऊक होतं?" मी आजोबांबद्दल विचारलं.

"बाबांना? नाही. त्यांना कळलं असतं तर ते दवाखान्यात आलेच नसते."

सूनबाईला मात्र ठाऊक होतं. तिने माझ्याकडे न पाहता पोळी तव्यावर टाकली.

पुण्याची नोकरी सोडण्याच्या कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. मी पेन्सिल घेतली आणि इंग्रजीत लिहिलं, वडिलांचं आजारपण. अक्षर चांगलं आलं. मग ते वाचताना त्या परदेशी कंपनीत टेबलामागे बसून हा फॉर्म तपासणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. तीही माझ्यासारखीच नेटकी असणार. पगार घटला, घरची अडचण, म्हणजे उद्या पुन्हा निघून जाईल, असं तिच्या मनात येणार. माझ्याही आलं असतं.

मी खोडरबर घेतलं.

"काय करतेस?"

"जायचंय ना तुला? मग हे चालत नाही."

रबराने कागद जरा खरखरीत झाला. त्याच जागी मी शाईने लिहिलं की अधिक चांगली संधी मिळाल्यामुळे नोकरी बदलली. जे खोटं त्यांनी सहा वर्षं आम्हाला सांगितलं, ते मी माझ्या हाताने लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी खाली सही केली. अडीच महिन्यांनी तुमचे पासपोर्ट आले.