यादीतला दुसरा क्रॅश

मी नकार दिला तेव्हा सर आधी हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. चंद्रपुरात टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस, काम करणारे आम्ही चौघं, आणि सर म्हणजे मालक. मालकाला नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती. ती त्या सोमवारी सुरू झाली.

आम्ही जंगलालगतच्या गावांसाठी एक अ‍ॅप चालवतो. गावातल्या स्वयंसेवकाला वाघ दिसला की तो बटण दाबतो, कुठे दिसला ते टाकतो, आणि गावातल्या सगळ्या मोबाईलवर सूचना वाजते. सूचनेवर बोट ठेवलं की नकाशा उघडतो आणि वाघ कोणत्या अंगाला आहे ते दिसतं. पैसा एक संस्था देते. अ‍ॅप साधं आहे, पण मोहफुलांच्या दिवसांत त्याच्या भरवशावर बाया पहाटे घराबाहेर पडतात.

त्याआधीच्या आठवड्यात नवी आवृत्ती गेली होती आणि अ‍ॅप कोसळायला लागलं होतं. आमच्याकडे त्याचा हिशेब दाखवणारा एक पडदा असतो. वर मोठ्या अक्षरात एक टक्केवारी. शंभर वेळा अ‍ॅप उघडलं तर त्यातल्या किती खेपा ते न कोसळता पार पडलं, एवढंच ती सांगते. एका खेपेला आम्ही सेशन म्हणतो. खाली क्रॅशची यादी, आणि प्रत्येकापुढे दोन आकडे. हा क्रॅश एकूण किती वेळा झाला, आणि किती वापरणाऱ्यांच्या मोबाईलवर झाला.

यादीत पहिला होता फोटोचा क्रॅश. वाघाच्या पंज्याचा फोटो चढवताना अ‍ॅप कोसळत होतं, हजारो वेळा. दुसरा होता नकाशाचा, सूचना उघडताना. तो पहिल्याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

"पहिला आधी," सर म्हणाले. "गुरुवारी संस्थेच्या मॅडम पाहुण्यांसमोर फोटोवालं दाखवणार आहेत. अन् त्या एका क्रॅशनंच आपली टक्केवारी खाल्ली."

टक्केवारी त्यानेच खाल्ली होती, हे खरं. पण "आधी दुसरा," मी म्हटलं. सर हसले, तेव्हा मी यादीतल्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. फोटोचा क्रॅश हजारो वेळा झाला होता तो मूठभर मोबाईलवर. फोटो फार मोठा असला की मोबाईलची मेमरी संपायची, अ‍ॅप कोसळायचं. पुन्हा उघडलं की तोच अडकलेला फोटो आपोआप पुन्हा चढायला निघायचा आणि पुन्हा तेच. एकच माणूस त्याच खड्ड्यात दिवसभर पडत होता आणि आमचा पडदा ते प्रत्येक पडणं मोजत होता. त्या मूठभरांत मॅडमचा टॅबही होता, म्हणून बोंब इथपर्यंत पोचली होती.

नकाशाचा क्रॅश एकेका मोबाईलवर एकदाच, फार तर दोनदा. पण मोबाईल किती! फोटोवाल्यांच्या कितीतरी पट. गावंच्या गावं त्यात होती.

"एकदाच होते ना? मंग त्रास कमी," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "सर, एकदाच होते कारण लोक दुसऱ्यांदा उघडतच नाईत. एकदा तोंडावर पडलं की सोडून देतात. अन् क्रॅशचा निरोप आपल्याकडे येते तो पुढच्या खेपेला अ‍ॅप उघडल्यावर, तेही रेंज असंल तं. ज्यानं पुन्हा उघडलंच नाई तो या आकड्यात नाईच. हे दिसून राह्यले ते कमीत कमी हायेत."

"तू लय खोलात जातेस."

"तिथंच पगार मिळतो मले."

शेजारच्या टेबलावरचे दोघे एकदम कीबोर्ड बडवायला लागले. सरांनी त्यांची नेहमीची म्हण काढली, रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. मी म्हटलं, आईचं असेल तसं, पण जे लेकरू रडायचं थांबलं त्याच्याकडे आधी धावतात. सर उठून चहाला गेले. जाताना सांगून गेले, फोटो आधी, चर्चा बंद.

मी खाली उतरले आणि मावशीला फोन लावला. माझी मावशी मूल शहराच्या पुढे जंगलाला चिकटलेल्या गावात राहते. आमचं अ‍ॅप तिच्या मोबाईलमध्ये मीच टाकून दिलं होतं. मोबाईल तिचा, पण त्या टोकावरची सगळी घरं त्याच्यावरच चालतात. सूचना वाजली की मावशी अंगणातून ओरडते आणि सगळ्यांना कळतं. आमच्या पडद्यावर ते सगळं टोक मिळून एक वापरकर्ता. हे मी सरांना दहा वेळा सांगून चुकले होते.

"मावशे, अ‍ॅप चालते का?"

"वाजते तं. पण उघडलं का बंद होते. मंग मी पाहणंच सोडून देलं."

"मंग तुले कसं समजते वाघ कुठी हाये?"

"नाई समजत. वाजलं का समजाचं, आला. कोन्या अंगानं आला ते देवाले माहीत."

"अन् तू मोहाले जाऊन राह्यली?"

"मंग काय घरी बसू? फुलं का थांबते माह्यासाठी? आमी नाई गेलो तं हरणं खाते."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिच्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. कागदावर नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. कोणाची नाल्याच्या अंगाला, कोणाची टेकडीकडे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. त्यामुळे वाघ नाल्याकडे असेल तर टेकडीवाल्या बाया निघतात आणि नालेवाल्या थांबतात, दुसऱ्या दिवशी उलट. कोणत्या अंगाला, हीच सगळी बातमी. ती काढून घेतली की उरतो नुसता भोंगा, आणि रोजच्या भोंग्याला माणूस किती दिवस घाबरणार? मावशीची झाडं नाल्याकडे आहेत. ती वाकून वेचते, पाठ जंगलाकडे करून.

वर आले आणि कोणाला न विचारता नकाशाचा क्रॅश उघडला. प्रत्येक क्रॅशच्या निरोपात मोबाईलची माहिती येते. कंपन्या वेगळ्या, मॉडेलं वेगळी, जुने-नवे सगळे. सारखी एकच गोष्ट होती. सगळ्या मोबाईलची भाषा मराठी. नव्या आवृत्तीत आम्ही वाघाची जागा सूचना घेणाऱ्या मोबाईलच्या भाषेप्रमाणे लिहून घेत होतो आणि तेच लिहिलेलं वाचून नकाशा काढत होतो. मराठी मोबाईल जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, देवनागरीत लिहायचा, वाचणारा कोड फक्त इंग्रजी आकडे ओळखायचा, आणि अ‍ॅप तिथेच मान टाकायचं. ऑफिसातल्या चौघांचेही मोबाईल इंग्रजीत. आम्हाला तो क्रॅश जन्मात दिसला नसता.

सर परत आले तेव्हा माझ्या पडद्यावर नकाशाच होता.

"मी काय सांगितलं होतं?"

"फोटो आधी."

"मग?"

"मी हा आधी करणार. काढून टाकायचं तर काढा, पण हे संपल्यावर."

मला वाटलं, आता गेलीच नोकरी. पण मागे हटायचं मनातही आलं नाही. ज्यांना बोंबलता येतं त्यांचंच ऐकायचं असेल तर हा पडदा हवा कशाला? फोन उचलायला एक माणूस ठेवा, भागेल.

"गुरुवारी फोटो पडला तर तू उत्तर देशील," एवढं बोलून ते आत गेले.

दुरुस्ती छोटी होती, दुपारीच झाली. दोघा सहकाऱ्यांनी आपापले मोबाईल मराठीत करून ती तपासली. नवी आवृत्ती संध्याकाळी सोडली. पण मला माहीत होतं, ती मावशीच्या मोबाईलपर्यंत इतक्यात जाणार नाही. तिकडे सूचनेचे चार शब्द येण्याइतकी रेंज मिळते, अ‍ॅप उतरवण्याइतकी नाही. गावांतले मोबाईल बाजाराच्या दिवशी नव्या आवृत्त्या घेतात. चामोर्शीकडची गावं चामोर्शीच्या बाजारात, मावशीचं गाव मूलच्या. तोवर काय? मग मी आमच्या सर्व्हरवर, म्हणजे सूचना जिथून निघतात त्या कॉम्प्युटरवर, बदल केला. स्वयंसेवक जागेचं नाव लिहितोच, ते सूचनेच्याच वाक्यात घातलं. उघडायचं कामच नाही. मोबाईल वाजला की वरच लिहिलेलं दिसेल, वाघ कुठे आहे ते. ह्याला मोबाईलमध्ये काहीच नवं लागत नव्हतं. मावशीला फोन करून सांगितलं, उद्यापासून वाजलं की उघडू नको, वरचं वाच.

"वाचतो ना," ती म्हणाली. "चवथी पास हावो मी."

मग फोटोचा क्रॅश घेतला. तो अवघड होता, गुरुवारपर्यंत अर्धाच झाला. मॅडमनी पाहुण्यांसमोर फोटो चढवला आणि टॅबवरचं अ‍ॅप कोसळलं. त्यांनी तिथूनच सरांना फोन केला. सरांचा चेहरा बघूनच कळलं, काय काय ऐकावं लागतंय.

फोन ठेवून त्यांनी मला बोलावलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. वरची टक्केवारी जवळपास होती तिथेच. हलणार कशी? ती खाणारे मूठभर मोबाईल अजून तसेच कोसळत होते, आणि नकाशावाले आधीपासूनच त्या टक्केवारीला फारसे जड नव्हते.

"काय कमावलं आपण या आठवड्यात?" सरांनी विचारलं. "मॅडम नाराज, पाहुणे हसले, आकडा तिथंच. सांग मले, काय कमावलं?"

मी खिशातून मोबाईल काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्या दिवशी सकाळीच मावशीने बोलून पाठवलेला निरोप होता. मी तो लावला.

"आज वाजलं वं. नाल्याच्या अंगाले, असं लिहून होतं. मी नाई गेली. मागच्या घरवालीलेई जाऊ नाई देलं. उजाडल्यावर माणसं गेले पाहाले, तं माह्याच मोहाखाली पंजे होते, ओलेच. आता चहा मांडून राह्यली मी."

सरांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मी लावला. मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला, आणि मी माझ्या जागेवर जाऊन फोटोचा क्रॅश उघडला.