झाडूवाले काका आणि भरलेली डिस्क

आमच्या औषधांच्या गोदामात काकांना सगळे 'झाडूवाले' म्हणत. हातात झाडू कधीच नसे. आमचं ऑर्डरी आणि बिलांचं ॲप्लिकेशन दिवसभर जे काही करतं त्याची नोंद लॉग फाइलमध्ये लिहीत जातं. त्या फाइली साचल्या की सर्व्हरची डिस्क भरते. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन जुन्या फाइली हाताने पुसायच्या, हे काकांचं काम. आणि खरं सांगायचं तर तेवढंच उरलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना वर्षावर्षाची मुदतवाढ मिळे, आणि यंदाची मॅनेजरांच्या टेबलावर अडकून पडली होती.

"काका, हे आपोआप होतं हो. चार ओळींची सेटिंग आहे," मी कितीदा तरी म्हटलं असेल.

"मी आहे ना पोरी," ते म्हणत. विषय संपला. मला राग यायचा. माझ्यासारख्या प्रोग्रामरने गप्प बसावं आणि माणसाने मशीनचं काम करावं, हा कुठला न्याय?

मग ती सकाळ उजाडली. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. रात्री आमची बिलं जिथे पाठवली जातात तो बाहेरचा सर्व्हर बंद पडला. आमचं ॲप्लिकेशन हट्टी, क्षणभरही न थांबता पुन्हा पुन्हा बिल पाठवत राहिलं आणि दर वेळी लांबलचक एरर लॉगमध्ये लिहीत राहिलं. सकाळी डिस्कवर तसूभर जागा नव्हती. डेटाबेसही त्याच डिस्कवर, त्यामुळे एकही ऑर्डर सेव्ह होईना. गेटपास निघेना. दारात ट्रक उभे, ड्रायव्हर वैतागलेले, हॉस्पिटलांचे फोनवर फोन. आणि सर्व्हरचा पासवर्ड ज्यांच्याकडे, त्या काकांचा पत्ता नाही.

ते आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. घरी वडील न्हाणीघरात पडले होते, त्यांना डॉक्टरांकडे नेऊन, शेजारणीच्या भरवशावर सोडून आले होते. मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काकांनी घाम पुसला आणि ती अगडबंब लॉग फाइल पुसून टाकली.

डिस्क भरलेलीच राहिली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. फाइल यादीत नव्हती, पण जागा काही सुटली नव्हती. "असं कसं? पुसली ना मी?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

इतकी वर्षं त्यांनी जुन्या, मिटलेल्या फाइलीच पुसल्या होत्या. ही फाइल ॲप्लिकेशनने अजून उघडी धरली होती. यादीतून नाव गेलं तरी ॲप्लिकेशन ती फाइल सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. मी ॲप्लिकेशन बंद केलं, जागा सुटली. मग डेटाबेस उठवला, ॲप्लिकेशन पुन्हा चालू केलं. तीच एरर परत दिसू लागली, तेव्हा बिलं पाठवणं तात्पुरतं थांबवलं. पहिला ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा कोणी हुश्शसुद्धा म्हटलं नाही.

"ती चार ओळींची सेटिंग आजच टाक," मॅनेजर मला म्हणाले. मग काकांकडे वळून, आवाज मऊ करून, "तुम्हीही दमलात हो. आता वडिलांकडे बघा." मुदतवाढीचा निकाल लागला होता. इतक्या गोड शब्दांत कुणाला कुणाच्या पोटावर पाय देताना मी तरी पाहिलं नव्हतं.

काकांनी ॲडमिनचा पासवर्ड मला सांगितला. मी सेटिंग लिहीत होते, ते शेजारी बसून बघत होते.

"इतकं सोपं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"मला माहीत होतं ग." ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले. "वडील मला ओळखत नाहीत आता. कोण तुम्ही, म्हणून विचारतात. इथे यायचो, वाटायचं, निदान इथलं तरी माझ्यावाचून अडतंय."

मी चिडले होते त्यांच्यावर, आणि आता रडू येत होतं.

दुपारी मॅनेजरांचा मेल आला. काकांचं सर्व्हरवरचं खातं आजच काढून टाकायचं. मी स्क्रीन थोडी वळवली, पण त्यांनी वाचलंच. मी उगाच माऊस हलवत बसले.

"अगं, तसं नाही निघायचं ते," काका समजावणीच्या सुरात म्हणाले. "मी आत आहे ना अजून. थांब, आधी मला बाहेर पडू दे."

त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि लॉगआउट केलं.