दिसली म्हणाला तो

वडील गेल्याची तार मुंबईला मिळाली आणि सकाळचं नागपूरचं विमान माझ्याकडेच होतं. नागपूरच्या दक्षिणेला, हैदराबादच्या वाटेवर आमचं गाव समुद्रपूर; तिथे घरचे थांबले होते. दुपारपर्यंत पोचलो तर तोंड दिसणार, नाही तर नाही. शेजारी बसलेला सहवैमानिक आमच्याच तालुक्यातला, वडिलांच्या शाळेत शिकलेला. त्यालाही मास्तरांना शेवटचं पाहायचं होतं.

नागपुरावर ढग अगदी खाली आलेले. अशा वेळी कामं वाटलेली असतात. मी फक्त काट्यांकडे बघायचं, बाहेर धावपट्टी शोधायची त्यानं. ठरलेल्या उंचीला त्यानं ‘दिसली’ म्हटलं तर मी मान वर करून उतरवायचं. नाही म्हटलं तर इंजिनांना पूर्ण जोर देऊन तिथूनच वर. बाकी विचार करत बसायचा नाही.

ती उंची आली. तो म्हणाला, "दिसली, दादा."

मी मान वर केली. खाली पावसानं काळीभोर झालेली पट्टी होती खरी, पण तिरपी. माझा काटा तर मधोमध, म्हणजे धावपट्टी सरळ समोर हवी! आणि पट्टीवर कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. अरे देवा, हा तर वर्धा रोड! एक गाडीवान मान वर करून आमच्याकडेच बघत होता.

जोर दिला, नाक उचललं, चाकं वर घ्यायला ओरडलो. ढगात शिरलो. सरळ वर चढत गेलो, मग त्याला विचारलं.

"काऊन म्हणाला तू दिसली?"

"मले वाटलं, तेच हाय," तो म्हणाला. मग, "मास्तरले पाहाचं होतं ना, दादा."

मला संताप आला. मागे एवढी माणसं बसलेली, आणि हा शहाणा मला घरी पोचवायला निघाला होता! त्याहून भयंकर म्हणजे, रस्ता रिकामा असता तर मीही काट्याकडे दुर्लक्ष केलं असतं की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

पुन्हा वळसा घालून आलो. पुन्हा तीच उंची. मी काट्यांवरून नजर हलवली नाही. शेजारी तो रडत होता, पण या वेळी आवाज स्पष्ट होता.

"नाई दिसत."

मी वर घेतलं आणि विमान हैदराबादकडे वळवलं.

घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आई म्हणाली, दुपारी ढगातून विमानाचा आवाज आला होता. तिनं उचललेली तिरडी खाली ठेवायला लावली, आला माझा पोरगा म्हणून. आवाज लांब जाऊन पार विरला, मग पुन्हा उचलली.