अक्काची दुपार

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. ती कुठं उपयोगाला आली म्हणाल, तर अक्काच्या आमसुलांना. अक्का माझी थोरली बहीण, गणेशगुडीजवळ दिलेली. ती आमसुलं करून विकते; त्यांचं पेज मी फोनवर काढून दिलं.

पोस्ट कधी टाकायची, यावर पहिलं भांडण. अक्का म्हणाली, "दिवा लावल्यावर टाक. तवा सगळी घरात असत्यात."

"घरात असतात, पण चुलीपुढं. फोन कोण बघतंय?"

आमची गिऱ्हाइकं बेळगाव-धारवाडकडच्या घरातल्या बायका. त्या कधी फोन उघडतात ते पेजच दाखवतं. जेवणं उरकून, भांडी घासून झाली, पोरं शाळेतून यायची हायत, तेवढ्यात. मी तीच वेळ लावून दिली. पोस्ट आपोआप पडायची. अक्का अंगणाच्या कडेला, रेंज मिळते तिथं, फणसाखाली बसून लगेच उत्तरं द्यायची. तिचीही तीच सवडीची वेळ. आमसुलांवरून बोलणं सुरू व्हायचं आणि कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्यांवर जायचं. एकीनं विचारलं, आमटीत किती घालू? अक्कानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "नवरा जेवढा आंबट, तेवढी कमी." त्या बाईनं मैत्रिणींनाही मागवायला लावलं. अक्का इतकी बोलते, हे मला माहीत नव्हतं.

दाजी रिसॉर्टात कामाला. तिथं येणाऱ्या ऑफिसवाल्यांनी सोलकढीची पावडर मागितली. दाजी म्हणाले, "बायका पावशेर घेत्यात आन तासभर बोलत्यात. ऑफिसवाल्यांचं बघ."

मी स्पष्ट सांगितलं, "ऑफिसवाले सकाळी बसमध्ये फोन बघतात, नाहीतर संध्याकाळी परतताना. पोस्ट तेव्हाच हवी. आणि विचारलं की उत्तर तिथल्या तिथं, न्हाईतर ते पुढं सरकतात."

अक्कानं विचारलं, "सकाळी डबं, सांजला भाकऱ्या. मी कवा उत्तर देऊ?"

"दुपारचीही ठेवू आणि ऑफिसवाल्यांचीही," मी म्हटलं. दाजींना पटलं न्हाई. दुपारची पोस्ट बंद झाली. तवा तापलेला असताना फोन वाजायचा, अक्का पिठाच्या हातानं बघेपर्यंत माणूस गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "एक कायतरी धर, भाकरी न्हाईतर फोन." शेवटी दाजींनी पेज रिसॉर्टातल्या हिशेबनिसाला सांभाळायला दिलं. तो नेटकी, आखूड उत्तरं देतो. पावडर खपते. अक्का ती कुटून देते.

परवा दुपारी अक्काकडं गेले. भांडी पालथी घालून ती फणसाखाली बसली होती. हात रिकामे.

"आत्ता त्या जेवून आडव्या पडल्या असतील," ती म्हणाली.

"व्हय."

"गुडघ्यावाल्या सासूचं काय झालं, कळलंच न्हाई बघ."

पेज अजून माझ्या फोनवर उघडतं; मी तो पुढं केला. तिनं घेतला न्हाई. पदरानं हात पुसले, कोरडेच होते, आणि आत गेली.