पाताळी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात मी पाणलोटाच्या कामाचा मासिक अहवाल जुळवते. दुष्काळी माण तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी तिथले आमचे एक सहकारी मोजतात. वयानं माझ्याहून बरेच मोठे, फौजेतून निवृत्त, म्हणून मी त्यांना दादा म्हणते. मोजमापात त्यांचा हात कुणी धरणार नाही. टायपिंगमध्ये मात्र आनंद. 'पातळी' ते दर महिन्याला 'पाताळी' लिहीत, आणि माणात ते फारसं खोटंही नव्हतं. खरा घोळ गावांच्या नावांचा. एकाच गावाची वेलांटी कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. माणसाला ते कळतं, संगणकाला ती दोन गावं वाटतात, आणि खालच्या बेरजेत गावं वाढतात.

इतके दिवस मी गुपचूप दुरुस्त करायचे. पण यंदा निधी देणाऱ्यांनी ऑनलाइन तक्ता स्वतःच उघडून बघायला सुरुवात केली आणि विचारलं, ही जादा गावं कुठून आली? आमच्या साहेबांनी मला बोलावून थंड आवाजात सांगितलं, की पुन्हा असं झालं तर मार्चनंतर माझ्या कराराचं ते काही सांगू शकत नाहीत. थंड आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट लागतो. दुसरी नोकरी शोधायला मला बळ नव्हतं, आणि सांगलीत असल्या कामाच्या जागा आहेत तरी किती?

मी दुरुस्त केलं की ते टिकायचंही नाही. दादांच्या मोबाईलमध्ये त्यांची स्वतःची जुनी फाइल होती. एक गाव झालं की त्यात नवे आकडे भरायचे आणि अख्खा भाग उचलून तक्त्यात चिकटवायचे. माझी सकाळची दुरुस्ती दुपारी पुसली जायची. चूक मुळात, त्यांच्या फाइलमध्येच सुधारायला हवी होती, आणि ते त्यांना सांगायला हवं होतं.

सोमवारी निरोप लिहायला बसले. मोठ्या माणसाला चुका दाखवायच्या, त्यात ते फौजी. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी गेला तो असा: "नमस्कार दादा. आपली माहिती नेहमीच तपशीलवार असते, मोजमाप चोख असतं, त्याबद्दल मनापासून आभार. वेळ मिळाल्यास गावांच्या नावांवरून एकदा नजर फिरवाल का? काही किरकोळ गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. गडबडीत सगळ्यांचंच असं होतं."

उत्तर आलं, हात जोडलेले: "धन्यवाद म्याडम. असाच लोभ असावा."

मी निर्धास्त झाले. गुरुवारी तक्ता उघडला तर पाताळी जिथल्या तिथे, गावं पुन्हा वाढलेली. अहवाल शुक्रवारी सकाळी जायचा होता. फोन लावला, रेंज नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. कँटीनमधला चहा समोर निवून गेला. वाटलं, आपण उगाच या नोकरीत आलो, उगाच सभ्य झालो, सगळंच उगाच.

फोन लागला तेव्हा त्यांच्या मागे मेंढरांचा कालवा होता. माझा तोल गेला. दादा, तुमच्या फाइलमध्ये गावांची नावं चुकलीत, पातळी चुकलीय, दर महिन्याला चुकते, आणि उद्या हे असंच गेलं तर माझी नोकरी जाईल, असं मी एका दमात सांगितलं. रडू येत होतं, ते लपवलंही नाही.



"आवं म्याडम," ते म्हणाले, "मग हे सोमवारीच सांगायचं की. मला वाटलं, तुमी कौतुक केलंय. घरी समद्यांना वाचून दावलं मी. बायकोनं शिरा केला."

चूक कुठली ते मी एकेक करून सांगितलं, त्यांनी 'व्हय, व्हय' म्हणत ऐकलं. संध्याकाळी त्यांचा भाग आला. नावं स्वच्छ, बेरीज बरोबर, पातळी पातळीच. शुक्रवारी अहवाल गेला, त्यावर शंका आली नाही, आणि मार्चनंतरही मी त्याच टेबलावर बसले.

आता दर महिन्याला भाग पाठवून झाला की दादांचा फोन येतो. "चुका सांगा. बाकीचं र्‍हाऊ द्या." चूक नसते. मी सांगते, दादा, काम लय छान झालंय. ते हसतात, म्हणतात, बरं, आता खरं सांगा.

त्या निरोपातलं कौतुक खरंच होतं. माणातल्या विहिरी त्यांच्याइतक्या नेटानं कुणी मोजत नाही. पण ते मी चूक सांगण्याच्या भीतीपोटी वापरलं, आणि आता त्यांना ते कितीही वेळा सांगितलं तरी पटत नाही.