एकवीस-हायड्रॉक्सिलेज आणि वॉर्डातली दिवाळी

उन्हाळ्यातल्या परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली आणि फर्स्ट एमबीबीएसचे पेपर मी सावनेरजवळच्या आमच्या गावी खाटेवर पडल्या पडल्या हुकवले. बरी होऊन नागपूरला परतले तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली पांढरे कोट घालून वॉर्डात जायला लागल्या होत्या. मेसमध्ये त्या एकमेकींना कोणत्या पेशंटचं लिव्हर तपासताना किती बोटं हाताला लागलं ते सांगायच्या. मी त्यांच्याच टेबलावर बसायची, पण बोलायला माझ्याकडे काही नसायचं. माझी खोलीतली पार्टनर सोयीसाठी म्हणून वरच्या मजल्यावर राहायला गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. खोलीत एक रिकामी खाट राहिली, तिच्यावर मी पुस्तकं पसरून ठेवली.

आमची अभ्यासाची रीत अशी होती की एकीनं मोठ्यानं सांगायचं, दुसरीनं चुका काढायच्या. आता चुका काढायला कोणी नव्हतं. हिवाळ्यातल्या परीक्षेसाठी सगळं पुन्हा वाचत होते आणि त्यात एकच पान मला दाद देत नव्हतं, ते म्हणजे स्टिरॉइड हार्मोन्स कशी तयार होतात त्याचं. दाराच्या मागच्या बाजूला मी खडूनं ते काढून ठेवलं होतं. सगळ्यात वर कोलेस्टेरॉल, सत्तावीस कार्बनचं. त्याची बाजूची साखळी तोडायची, की एकवीस कार्बनचं प्रेग्नेनोलोन. तिथून तीन वाटा. अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थरात प्रेग्नेनोलोनचं प्रोजेस्टेरॉन, त्यावर एकवीस-हायड्रॉक्सिलेज, मग अकरा-हायड्रॉक्सिलेज, शेवटी अठराव्या कार्बनवरचं काम, आणि अल्डोस्टेरॉन तयार. मधल्या थरात आधी सतरा-हायड्रॉक्सिलेज, मग तेच एकवीस, तेच अकरा, आणि कॉर्टिसॉल. तिसऱ्या वाटेवर सतरा लागल्यावर दोन कार्बन तुटून पडतात, एकोणीस कार्बनचे अँड्रोजेन होतात, त्यातून टेस्टोस्टेरॉन. आणि त्यावर अ‍ॅरोमॅटेज चाललं की अठरा कार्बनचं इस्ट्रोजेन.

नावं पाठ होती. पण मधलं एखादं एन्झाइम काढून घेतलं तर काय होईल, असं स्वतःलाच विचारलं की मी अडायची. आणि तोंडी परीक्षेत विचारतात ते नेमकं तेच.

दिवाळीच्या सुट्टीत होस्टेल रिकामं झालं. परीक्षा दिवाळीनंतर लगेच होती म्हणून मी घरी गेले नाही. मेस बंद, कॉरिडॉरमधून चालताना आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू यायचा. अशात एका सकाळी गेटवर गावाकडचे एक काका भेटायला आले. आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. त्यांची मुलगी शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती. सातवीनंतर तिचं लग्न झालं होतं.

"पोरीचं लेकरू भरती केलं आहे," ते म्हणाले. "दहा-बारा दिसाचं असंन. दूध ठेवतच नाई पोटात. जावई गेले निंघून, मले बी कापूस वेचाले जा लागते. तू जरा पाहून येत जाशीन काय?"

मला वॉर्डात जायचा काही अधिकार नव्हता. भेटायच्या वेळेत, दुपारी, इतर नातेवाइकांसारखी गेले. काकांची मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. बाळाच्या डोक्याच्या शिरेत सलाईनची सुई होती, कातडी सैल पडलेली. तिनं मला ओळखलं, पण हसली नाही.

"तू डॉक्टर झाली ना वं?"

"नाई अजून. पह्यल्याच वर्षात आहे."

"तरी तुले समजत असंन. हे पोरगा आहे का पोरगी, मले खरं सांग. दाईनं पोरगा सांगतला. पेढे वाटले घरी. अन् इथच्या बाई म्हणते पोरगी आहे. त्यानंच तर हे गेले उठून."

 मुलांच्या विभागातल्या डॉक्टरबाई राउंड संपवून हात धूत होत्या, त्यांना मी घाबरतच जाऊन विचारलं. मी कोण ते त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "सोडियम खूप खाली, पोटॅशियम वर. बाहेरून मुलासारखं दिसतं, पण गालाच्या आतल्या पेशींचा नमुना तपासला, तो मुलीचा आहे. फर्स्ट इयरला आहेस ना? मग कोणतं एन्झाइम ते तू सांग."

त्या टॉवेलला हात पुसत थांबून राहिल्या. मला दाराची मागची बाजू दिसायला लागली. मीठ टिकत नाही म्हणजे अल्डोस्टेरॉन नाही. मुलीचं शरीर मुलासारखं झालं म्हणजे अँड्रोजेन जास्त. पहिल्या दोन्ही वाटा एकवीसपाशीच बंद आणि तिसरी उघडी.

"एकवीस-हायड्रॉक्सिलेज," मी म्हणाले.

"बरोबर. आता हे त्या आईला तिच्या भाषेत सांग. मी सांगते ते तिला पटत नाही."

एन्झाइम, हार्मोन हे सगळं बाजूला ठेवून सांगायचं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि तिला म्हणाले की किडनीच्या वर एक लहानशी गाठ असते. तिथे चरबीसारख्याच एका वस्तूतून तीन रस तयार होतात. एक अंगात मीठ धरून ठेवतो, एक आजारपणात ताकद देतो, तिसरा पुरुषपणाचा, तो बायांच्याही अंगात थोडा असतो. तुझ्या लेकराच्या गाठीत पहिले दोन रस करणारा एक कारागीरच जन्मापासून कमी आहे. माल येत राहतो, पण त्या दोन रसांकडे जाऊ शकत नाही, म्हणून सगळा तिसऱ्याकडे वळतो. पोटात असतानाच तो जास्त झाला, म्हणून बाहेरून तसं दिसतं. आत गर्भाशय आहे, सगळं पोरीचंच आहे.

तिनं बाळाकडे पाहिलं. "म्हणजे पोरगीच."

"हो. पोरगीच."

"माह्या हातानं काही झालं काय? हे पोटात होतं तवा गिरणात बाहेर निंघाली होती मी."

"नाई वं. त्याचा काही संबंध नाई."

ती रडली नाही. पदरानं बाळाच्या ओठाच्या कडेचं दूध पुसलं, एवढंच.

त्यानंतर मी रोज दुपारी जायला लागले. सकाळभर कोणाशी बोललेलं नसायचं. तिच्याकडेही दुसरं कोणी यायचं नाही. बाजूच्या खाटेवरच्या बायका बाळाचं दुपटं बदलायच्या वेळी मुद्दाम वाकून पाहायच्या, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बदलायची. मी तिच्या आणि त्यांच्या मधे उभी राहायची.  लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकांनी घरून चिवडा आणि अनारसे पाठवले होते, ते आम्ही खाटेवर कागद पसरून खाल्ले. बाहेर फटाके वाजले की बाळ दचकायचं. दचकायला लागलं हे चांगलं लक्षण, असं सिस्टर म्हणाल्या.

ओकारी थांबली, बाळ अंग धरू लागलं आणि एक दिवस तिचा नवरा आला. दारातच उभा राहिला. धोतरावर बसमधली धूळ होती. बाळाकडे न बघता म्हणाला, "आता दूध पिऊन राहिलं ना? मंग चाल घरी."

डॉक्टरबाई ऑपरेशन थिएटरकडच्या एका बाळाला पाहायला गेल्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंकडून ऐकलेलं मी त्याला सांगितलं की मीठ धरणाऱ्या इंजेक्शनसाठी महिन्याला यावं लागेल, दुधातून वरचं मीठ द्यावं लागेल, आणि बारीक केलेली गोळी रोज, जन्मभर.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, मिठाचं समजलं. मीठ जाते म्हणून मीठ द्या, इंजेक्शन द्या. मंग गोयी काहून?"

प्रश्न सरळ होता, आणि तो मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी सावकाश बोलत गेले. डोक्यात एक ग्रंथी असते, ती सारखी पाहत असते की ताकदीचा रस पुरेसा आहे का. नसला तर ती खालच्या गाठीला हुकूम सोडते, अजून कर, अजून कर. गाठ वाढत जाते, पण तो रस काही होत नाही. सगळा माल पुन्हा पुरुषपणाच्याच रसात जातो. गोळी म्हणजे तोच कमी पडलेला रस. तो बाहेरून मिळाला की वरचा हुकूम थांबतो. आणि ताप आला, हगवण लागली, तर त्याच रसावर जीव तगतो. गोळी बंद केली तर मीठ देऊनही पोरगी एखाद्या साध्या तापात जाईल.

"पोरगी," तो म्हणाला. हा शब्द त्यानं पहिल्यांदा उच्चारला असावा.

"हो भाऊ."

"मोठी झाल्यावर लग्न-गिग्न?"

"गोळी नीट चालू राहिली तर पाळी येईल. लेकरंही होऊ शकतात. बाहेरचं थोडं ऑपरेशनानं नीट करतात, ते डॉक्टरबाई सांगतील."

तो खाली फरशीवर बसला. मग बायकोला म्हणाला, "माय आयकणार नाई."

"तुमी आयकलं ना?" ती म्हणाली.

डॉक्टरबाई येईपर्यंत तो तसाच बसून होता, आणि आल्यावर त्यानं तोच प्रश्न त्यांनाही विचारला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. मधलं एक एन्झाइम काढून घेतलं तर काय होतं, हे मला तेव्हा लख्ख समजलं होतं, पण ते सांगावं असं जवळपास कोणी नव्हतं.

माझी तोंडी परीक्षा झाली ती बाहेरून आलेल्या एका वयस्कर परीक्षकांसमोर. ते म्हणाले, "दोन मुली जन्मल्या. दोघींवरही अँड्रोजेनचा परिणाम. एकीचं मीठ जातं, ब्लड प्रेशर खाली. दुसरीचं प्रेशर वर. का?"

मी म्हणाले, दुसरीत अकरा-हायड्रॉक्सिलेज नाही. एकवीसचं काम झालेलं असतं, त्यामुळे डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन साठतं, आणि तेच मीठ धरून ठेवतं.

"आणि सतरा नसेल तर?"

"तरीही प्रेशर वर, पण सेक्स हार्मोन्स होणार नाहीत. कॉर्टिसॉलही नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणी शिकवलं?"

 "वाचलं," मी म्हणाले.

परीक्षा संपल्यावर वॉर्डात गेले तर त्या खाटेवर दुसरं मूल होतं. मी पेपर देत होते तेव्हाच त्यांना सुट्टी मिळाली होती. काकांची भेट पुढे संक्रांतीला गावी झाली. जावई दर महिन्याला लेकराला बसनं नागपूरला नेतात, म्हणाले. सासूनं बोलणं टाकलं होतं, पण गोळी कोणी बंद केली नव्हती. पुढे मुलांच्या विभागात माझी पोस्टिंग लागली, तेव्हा डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं. मूल नीट वाढत होतं. त्यांचा यायचा वार आणि माझा ओपीडीचा वार कधी जुळला नाही. मुद्दाम जुळवून जावं असं अनेकदा वाटलं. गेले नाही. जाऊन काय म्हणायचं ते सुचत नव्हतं.

त्या हिवाळी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा बोर्डासमोर आम्ही मोजकेच जण होतो, सगळे मागे राहिलेले, एकमेकांना चेहऱ्यानं ओळखणारे. माझा नंबर होता. शेजारच्या मुलाचा नव्हता, तो पुन्हा पुन्हा वरून खाली बघत होता. मी त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिले. मग घरी कार्ड टाकलं आणि खोलीवर आले. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून जुन्या पार्टनरचं आणि वर्गातल्या इतर मुलींचं हसणं ऐकू येत होतं. जिन्याच्या चार-पाच पायऱ्या चढले, आणि त्या कोणत्या पेशंटबद्दल बोलताहेत ते ऐकत थोडा वेळ तिथेच बसून राहिले.