खुर्चीमागचा मुलगा

आमच्या समाजाच्या वेबसाइटवरच्या फोटोंचं वर्णन मी लिहितो. ज्यांना दिसत नाही, त्यांना मोबाइल ते वाचून दाखवतो. निपाणीतल्या एका लग्नाचा फोटो आला. घरचे म्हणाले, "सगळं कुटुंब एकत्र, एवढंच लिही." माझं डोकं फिरलं. फोटोग्राफरनं मला मूळ फोटो दाखवला होता. मी लिहिलं, "दोन फोटो जोडलेले आहेत. खुर्चीत बसलेल्या आईमागचा मुलगा जुन्या फोटोतला आहे. लग्नातल्या मूळ फोटोत तिथं कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी त्या आईचाच फोन आला. सदलग्याच्या या आक्कांना दिसत नाही.

"म्हंजे माझा ल्योक आलाच नव्हता?"

मी मूळ फोटो पुन्हा उघडून पाहिला.

"लग्नात त्येचा घसा बसलाय म्हणाले घरचे, म्हणून बोलला न्हाय. नुसता खांद्यावर हात ठेवून हुबा ऱ्हायला. मग त्यो हात कुणाचा रं?"